‘ब’ म्हणजे यंत्र

मी तत्त्वज्ञान शिकवतो. तीस वर्षं झाली. त्यातली निम्मी वर्षं मी एकाच विषयाचा पिच्छा पुरवला: यंत्राला समजतं का? त्यावर माझं एक पुस्तक आहे, आणि त्या पुस्तकामुळेच संगणक विभागाच्या मॅडमनी मला परीक्षक म्हणून बोलावलं.

कार्यक्रम साधा होता. विभागाचा वर्धापनदिन, दुपारी तीन वाजता, मोठ्या सभागृहात. व्यासपीठावर आम्ही तीन परीक्षक: एक निवृत्त डॉक्टर, एका वर्तमानपत्राचे संपादक आणि मी. प्रत्येकासमोर एक पडदा आणि कीबोर्ड. मागच्या खोलीत दोघं, ‘अ’ आणि ‘ब’. एक माणूस, एक यंत्र. प्रत्येक परीक्षकाने दोघांशी दहा-दहा मिनिटं टाइप करून बोलायचं आणि शेवटी सांगायचं, माणूस कोण. आवाज नाही, चेहरा नाही. उत्तर किती वेगाने आलं यावरून कुणी ओळखू नये म्हणून प्रत्येक उत्तर ठरावीक वेळ थांबवून मगच आमच्यासमोर येत होतं.

“सर, तुम्ही असल्या चाचणीचे टीकाकार,” मॅडम म्हणाल्या होत्या. “तुम्हाला फसवलं तर आमची मजा. नाही फसलात तर तुमची.”

“मला फसवलंत तरी काही सिद्ध होत नाही,” मी म्हणालो. “परीक्षकाला फसवणं वेगळं आणि समजणं वेगळं.”

“माहितीये. तुमचं पुस्तक वाचलंय मी,” त्या हसून म्हणाल्या.

तोंडाने मी असं म्हणत असलो तरी मनातून मला खात्री होती की मी फसणारच नाही. इतकी वर्षं ज्याने यंत्राच्या पोकळपणावर लिहिलं, त्याला पोकळपणाचा वास लांबूनच येणार. घरून निघताना बायकोला मी म्हणालोसुद्धा, “ये तू. दोन मिनिटांत पकडतो की नाही बघ.” ती आली आणि चौथ्या रांगेत बसली.

‘अ’शी आधी बोललो. आज सकाळी काय केलंत, असं विचारलं.

“उठलोच उशीरा. बायकोनी दोनदा हाक मारली, तिसर्‍यांदा सरळ पांघरूणच ओढलं. तुमच्याकडे कोण ओढतं?”

मला हसू आलं. मग मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला. एक माणूस खोलीत बसलाय. त्याला एक परकी भाषा अजिबात येत नाही. दाराच्या फटीतून त्या भाषेतल्या चिठ्ठ्या आत येतात. त्याच्याजवळ नियमांचं जाडजूड पुस्तक आहे: असं चिन्ह आलं की तसं चिन्ह लिहून बाहेर सरकवायचं. बाहेरच्यांना वाटतं, आत भाषा जाणणारा कुणी बसलाय. तर त्या माणसाला ती भाषा समजते का? यंत्राला समजत नाही असं म्हणणाऱ्यांचा हा मोठा आधार आहे, माझाही.

“बापरे साहेब, भर दुपारी इतकं जड? मला माझ्या बायकोचं बोलणं समजत नाही, आणि ती माझ्याच भाषेत बोलते.”

उत्तर असं नव्हतंच. प्रश्न टाळून विनोद केला होता. पण मी मान डोलावली. शुद्धलेखनाच्या चुका, आळस, थोडा चावटपणा. म्हटलं, हा माणूस.

मग ‘ब’. तोच पहिला प्रश्न.

“सकाळी साडेपाचला उठले. पाणी भरले, डबा केला, आईचे पाय चोळले आणि बसने कामावर आले.”

यादी, मी मनात म्हणालो. पूर्ण वाक्यं, जागच्या जागी स्वल्पविराम. कोण माणूस असं बोलतो?

विनोद सांगा म्हटलं. “मला विनोद सांगता येत नाही. ऐकला की हसते.”

आयुष्यात सर्वांत जास्त लाज कधी वाटली, असं विचारलं. “एकदा मी केलेली चूक सर्वांसमोर वाचून दाखवण्यात आली. त्या दिवशी मी डबा न खाता घरी नेला.”

मग खोलीतल्या माणसाचा प्रश्न. याचं उत्तर लांबलचक आलं. पहिली दोन वाक्यं वाचली आणि मला जवळजवळ टाळी वाजवावीशी वाटली. “त्या माणसाला ती भाषा समजत नाही. तो केवळ नियमांप्रमाणे चिन्हांची अदलाबदल करतो.” हे तर माझंच वाक्य! माझ्या पुस्तकातलं, जसंच्या तसं. यंत्राला माझं पुस्तक भरवलेलं दिसतंय, आणि ते घोकलेलं ओकतंय. पुढचं मी वाचलं नाही. वेळही संपत आली होती. मी कागदावर लिहिलं: ‘ब’ म्हणजे यंत्र.

निकाल सांगण्याआधी मॅडमनी आम्हाला आपापली कारणं सांगायला लावली. संपादकांनी दोन वाक्यांत आटपलं. त्यांचंही मत ‘ब’ यंत्र. डॉक्टर म्हणाले, “मला ‘ब’ माणूस वाटतं. का ते नीट सांगता यायचं नाही.” मग माइक माझ्याकडे आला.

मला बोलता येतं, हा माझा शाप आहे. मी माझ्यासमोरच्या नोंदींतून ‘ब’ची उत्तरं वाचून दाखवायला लागलो, आणि तीही यंत्राच्या आवाजात, एकसुरी, प्रत्येक शब्द सुटा करून. “पाणी. भरले. डबा. केला.” मुलं हसली. “ऐकला की हसते. हसते म्हणे!” मुलं आणखी हसली. “आता हे ऐका. लाजेबद्दल विचारलं, तर उत्तर काय? चूक सर्वांसमोर वाचून दाखवण्यात आली, डबा घरी नेला. यात लाज कुठेय? यात फक्त माहिती आहे. लाज वाटणारा माणूस असा अहवाल देतो का?” सभागृहात हशा पिकला. मग मी ‘ब’ने घोकलेलं माझं वाक्य वाचलं आणि समारोप केला, “मित्रहो, ‘ब’ला शब्द येतात. पण आपण काय टाइप करतोय, ते ‘ब’ला कळत नाही.”

टाळ्या पडल्या. चांगल्या दणदणीत पडल्या.

मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या मागच्या दाराशी गेल्या, दार उघडलं आणि आत बघून हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. आतून कुणी लवकर येईना. मग ‘ब’ बाहेर आली.

ती आमच्या तत्त्वज्ञान विभागाची टंकलेखक होती.

बाई बावीस वर्षं आमच्या विभागात आहेत. माझी प्रत्येक प्रश्नपत्रिका, प्रत्येक पत्र, प्रत्येक लेख त्यांनी टाइप केलाय. आणि ते पुस्तकही, दुरुस्त्या धरून अकरा वेळा. मॅडमना न अडखळता टाइप करणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी बाईंना विचारलं होतं. सूचना एवढीच: तुम्ही जशा आहात तशी उत्तरं द्या.

सुरुवातीच्या वर्षांत मी त्यांच्या मागे लागलो होतो. वाक्य पूर्ण करा. स्वल्पविराम द्या. बोलीतलं लिहू नका. त्या इतक्या तंतोतंत शिकल्या की मी त्यांना ‘स्वल्पविरामबाई’ म्हणायला लागलो, आणि विभागात ते नाव रूढ झालं.

आणि ती चूकही मला माहीत होती. कुलगुरूंना गेलेल्या पत्रात ‘सत्कार’च्या जागी ‘सरकार’ झालं होतं. विभागाच्या बैठकीत ते पत्र मीच वाचून दाखवलं होतं. मोठ्याने. हावभावांसह.

मागच्या खोलीत लाउडस्पीकरचा आवाज स्वच्छ ऐकू जातो. बाई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. मुलांना अजून नीट कळलं नव्हतं. काहीजण हसतच होते, कारण त्यांना वाटलं हीही गंमतच आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या सभागृहाच्या घड्याळाकडे बघत होत्या, जसं बस चुकेल की काय अशा वेळी आपण बघतो.

त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तर निदान तेवढं तरी माझ्या बाजूला राहिलं असतं. पण माइक माझ्या हातात होता.

“बघा!” मी म्हणालो. “मी म्हणत आलोय ते हेच. ही चाचणीच सदोष आहे. तीनपैकी दोन परीक्षक फसले, म्हणून यंत्राला समजायला लागलं का? आणि बाईंना आम्ही ओळखलं नाही, म्हणून बाईंना समजत नाही असं होतं का? नाही! परीक्षकाच्या चुकीतून काहीच सिद्ध होत नाही.”

तर्काने यातला शब्दन्‌ शब्द बरोबर होता. आजही बरोबर आहे. पुन्हा टाळ्या पडल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून, माइकशिवाय, शांतपणे विचारलं, “सदोष कोण, सर? चाचणी?”

मी त्यांना विचारलं, “तुम्ही कसं ओळखलंत?”

“माझी बोटं थरथरतात. टाइप करायला वेळ लागत होता. ‘ब’ने लिहिलं, ‘सावकाश लिहा, मी थांबते.’ ‘अ’ने माझ्या हळूपणावर विनोद केला. दोन्ही यंत्र करू शकेल, मला कल्पना आहे. पण मी कसोटी घेत नव्हतो हो. मी बोलत होतो.”

मी वळून पाहिलं तेव्हा बाई बाजूच्या पायऱ्या उतरून गेल्या होत्या.

मॅडम नंतर मुलांना समजावून सांगत होत्या की ‘अ’ नुसता मजकुराच्या डोंगरातून शिकलेला आहे, कशानंतर कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, ते. वर त्याला सूचना दिलेली: तू एक आळशी, थट्टेखोर गृहस्थ आहेस, थोड्या चुका कर, अवघड प्रश्न आला की विनोदावर ने. “म्हणजे आम्ही त्याला हुशार नाही केलं,” त्या म्हणाल्या. “परीक्षकांना माणूस कसा आवडतो, ते ओळखून त्याला तसा केला.” कुणीतरी वहीत लिहून घेतलं. मला तिथे उभं राहवेना.

घरी आल्यावर बायकोने चहा केला. चहा झाल्यावर म्हणाली, “मीपण हसले रे. त्या ‘हसते म्हणे’ला. सगळ्यात जोरात मीच हसले असेन.”

“तुला कुठे माहीत होतं?”

“तुलाही माहीत नव्हतं. पण म्हणून बरं वाटतंय का तुला?”

मॅडमनी संध्याकाळी संवादाची पूर्ण प्रत पाठवली होती. मी न वाचलेलं उत्तर त्यात होतं.

“त्या माणसाला ती भाषा समजत नाही. तो केवळ नियमांप्रमाणे चिन्हांची अदलाबदल करतो. परंतु, हे वाक्य लिहिताना मला दर वेळी वाटते, की त्या माणसाला कोणी काही विचारत का नाही. तो वर्षानुवर्षे तेथे बसतो. त्याला कंटाळा येत असेल. एखादे चिन्ह पुन्हा पुन्हा आले, की त्याला ते ओळखीचे वाटत असेल, आणि बाहेर कोण आहे, असा विचार तो करत असेल. भाषा समजत नसेल, पण त्याला काहीच समजत नाही, असे नाही. पुस्तकात त्याच्याविषयी एवढेच लिहिले आहे, की तो खोलीत आहे.”

पंधरा वर्षं मी त्या खोलीवर व्याख्यानं दिली. आतल्या माणसाबद्दल हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. तर्काच्या दृष्टीने त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही, हेही मी लगेच मनात म्हणून घेतलं. मग माझ्या लक्षात आलं की मी अजूनही गुणच देतोय.

दुसऱ्या दिवशी मी विभागात लवकर गेलो. बाई टाइप करत होत्या.

“बाई, काल…”

“सर, नव्या आवृत्तीच्या तिसऱ्या प्रकरणाचं प्रूफ टेबलावर ठेवलंय. पान चाळीसवर एक तळटीप दोनदा आलीये.”

“मी माफी मागायला आलोय.”

त्यांची बोटं थांबली. “कशाची? मला यंत्र म्हणालात त्याची?”

“हो.”

“त्याचं काही नाही सर. संपादकसाहेबही म्हणाले की. मला टाइप करताना गंमत वाटत होती. म्हटलं, सरांना लगेच कळेल. मुद्दाम तुमचं वाक्य घातलं मी. खूण म्हणून.”

खूण म्हणून दिलेलं वाक्य मी पुरावा म्हणून वापरलं होतं.

“वाईट वाटलं ते शेवटच्या वाक्याचं,” त्या म्हणाल्या. “‘आपण काय टाइप करतोय, ते ‘ब’ला कळत नाही.’ ते मी आधी ऐकलेलं आहे. सहा वर्षं झाली. तुम्ही फोनवर होतात, दार उघडं होतं. प्रकाशकांनी काहीतरी विचारलं असेल. तुम्ही म्हणालात, ‘बाईंना काय कळतंय, त्या नुसत्या बडवतात.’”

मला ते आठवत नव्हतं. खोटं वाटलं असंही नाही. अगदी माझ्या तोंडी बसेल असं वाक्य होतं.

“बाई, खरं म्हणजे त्या चाचणीची रचनाच अशी असते…” मी सुरू केलं, आणि माझाच आवाज ऐकून थांबलो.

“चाचणी राहू द्या,” त्या म्हणाल्या. “तिथे निदान चार प्रश्न तरी विचारलेत. इथे बावीस वर्षांत एकच विचारता. ‘कधी होईल?’”

बाहेर व्हरांड्यात काही मुलं बोलत चालली होती. बाईंनी उठून दार लोटलं.

“चौथ्या प्रकरणात,” त्या पुढे म्हणाल्या, “तुम्ही लिहिलंय, की वागणं बाहेरून कितीही पटलं तरी तो समजण्याचा पुरावा नाही. मग माणसांचं काय, असा प्रश्न तुम्हीच घेतलाय. कुणाच्याच डोक्यात शिरून बघता येत नाही. तर म्हणे, समोरच्याला समजतं असं धरून चालायची ही सवलत माणसांना आपण सभ्यता म्हणून देऊन टाकतो.”

“हो.”

“ती मला मिळाली नव्हती, सर.”

मी खुर्चीवर बसलो. नवीन आवृत्तीत ही घटना प्रस्तावनेत घालतो, तुमचं ऋण मानतो, तुमचं ते उत्तर पूर्ण छापतो, असं काहीबाही मी बोलत राहिलो. त्यांनी मला पुरं बोलू दिलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “काल एकदा उदाहरण झाले. पुन्हा नको.”

पंधरा दिवसांनी त्यांचा बदलीचा अर्ज आला. परीक्षा विभाग, तळमजला. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’. विभागप्रमुख म्हणून त्यावर माझी सही लागत होती. सही घ्यायला त्या स्वतः आल्या आणि उभ्या राहिल्या. राहा, असं म्हणायचा मला काय अधिकार होता? मी सही केली. अर्जात एकही चूक नव्हती.

पुस्तकाची आवृत्ती निघाली. त्या सवलतीच्या वाक्यापुढे मी एक वाक्य वाढवलं, की ती आपण सर्वांना देत नाही. एका समीक्षकाने लिहिलं की लेखक इथे विनाकारण भावनिक होतो.

आता मी हा विषय शिकवतो तेव्हा ही गोष्ट सांगतो, सांगितल्यावाचून राहवत नाही. पण सांगताना ‘एक परीक्षक’ म्हणतो. एका ठिकाणी अशी चाचणी झाली, एका परीक्षकाने एका बाईंना यंत्र ठरवलं, उत्तरं वाचून दाखवली, लोक हसले. मुलं कान देऊन ऐकतात. चाचणीच्या मर्यादा त्यांना चटकन कळतात: फसणं हा समजण्याचा पुरावा नाही, आणि न ओळखणं हा न समजण्याचाही नाही. परीक्षेत छान लिहितात.

या वर्षी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

“सर, त्या बाईंचं पुढे काय झालं?”

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. परीक्षा विभाग आमच्या वर्गाच्या बरोबर दोन मजले खाली आहे.

“कल्पना नाही,” मी म्हणालो, आणि फळा पुसायला वळलो.